नफा वाढला, पण प्रत्येक शेअरच्या वाट्याला काय आले?

एप्रिल ते जून 2023 या तिमाहीत एचडीएफसी बँकेला सुमारे 11,952 कोटी रुपयांचा निव्वळ नफा झाला. पुढच्या तिमाहीत तो 15,976 कोटींवर गेला. तीन महिन्यांत 34 टक्क्यांची उडी, आणि तीही एवढ्या मोठ्या बँकेच्या बाबतीत! पण ज्याच्याकडे बँकेचा एकच शेअर होता, त्याने हिशेब मांडला तर त्याच्या शेअरमागचा नफा 21 रुपये 40 पैशांच्या आसपास होता, तो 21 रुपये 10 पैशांवर आला होता. बँक मोठी झाली, त्याचा वाटा मात्र किंचित लहान झाला.

या दोन तिमाहींच्या मधोमध, 1 जुलै 2023 रोजी, एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज देणारी संस्था बँकेत विलीन झाली होती. हा व्यवहार रोख पैशांनी झाला नाही. बँकेने नवे शेअर छापले आणि ते एचडीएफसीच्या भागधारकांना दिले. एचडीएफसीच्या दर 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर, म्हणजे एका शेअरला 1.68 शेअर, असे हे अदलाबदलीचे प्रमाण होते. बाजारात त्याला स्वॅप रेशो म्हणतात. सगळी गोम या एका आकड्यात असते.

कंपनीचा निव्वळ नफा भागिले शेअरची संख्या म्हणजे प्रति शेअर कमाई, अर्थात ईपीएस. दुसरी कंपनी पोटात घेतली की वरचा आकडाही वाढतो आणि खालचाही. वरचा जास्त वेगाने वाढला तर ईपीएस चढतो. बाजाराच्या भाषेत तो सौदा अ‍ॅक्रेटिव्ह. खालचा जास्त वेगाने वाढला तर ईपीएस पातळ होतो. तो सौदा डायल्युटिव्ह. हे आधीच ओळखायचे असेल तर येणाऱ्या कंपनीच्या नफ्याला तिच्यासाठी द्याव्या लागणाऱ्या नव्या शेअरनी भागायचे. प्रत्येक नवा शेअर सोबत किती नफा घेऊन येतो ते त्यातून कळते. तो आकडा आपल्या जुन्या ईपीएसपेक्षा मोठा असेल तर जुन्या भागधारकाचा फायदा, लहान असेल तर तोटा.

आता विलीनीकरणाआधीच्या शेवटच्या पूर्ण वर्षाचे, म्हणजे 2022-23 चे आकडे घेऊ. बँकेचा स्वतंत्र नफा सुमारे 44,109 कोटी आणि शेअर सुमारे 558 कोटी, म्हणून ईपीएस 79 रुपये. एचडीएफसीचा नफा सुमारे 16,239 कोटी. 1.68 च्या प्रमाणाने तिच्या भागधारकांना द्यावे लागले 311 कोटी नवे शेअर. भागाकार केला तर प्रत्येक नवा शेअर जेमतेम 52 रुपये नफा आणत होता. 79 च्या घरात 52 चा पाहुणा! एवढेच पाहिले तर जुन्या भागधारकाचा ईपीएस 69 रुपयांवर घसरायला हवा होता.

तसे झाले नाही, कारण एचडीएफसी हीच बँकेची सर्वांत मोठी भागधारक होती. तिच्याकडे आणि तिच्या उपकंपन्यांकडे मिळून बँकेचे 116 कोटींहून अधिक शेअर होते. विलीनीकरणानंतर ते शेअर बँकेने स्वतःचेच बाळगून चालले नसते, म्हणून ते रद्द झाले. 311 कोटी आले, 116 कोटी गेले. निव्वळ वाढ सुमारे 195 कोटींची, आणि एकूण शेअर झाले सुमारे 754 कोटी. दोन्ही नफ्यांची बेरीज 60,348 कोटी. तिला 754 ने भागले की उत्तर येते 80 रुपये, म्हणजे 79 पेक्षा थोडे जास्त. सौदा अ‍ॅक्रेटिव्ह!

इथेच थांबणारा मात्र फसतो. एचडीएफसीच्या नफ्यात बँकेकडून मिळालेला लाभांशही होता. बँकेने 2022 मध्ये शेअरमागे 15 रुपये 50 पैसे लाभांश दिला. 116 कोटी शेअरवर तो 1,800 कोटींच्या आसपास होतो. शेअर रद्द झाल्यावर हे उत्पन्न उरत नाही. शिवाय तो पैसा मुळात बँकेच्याच नफ्यातून आलेला, म्हणजे बेरजेत दोनदा मोजला गेलेला. तो वजा केला की एकत्र नफा 58,500 कोटींच्या आसपास राहतो आणि ईपीएस 77 रुपये 70 पैशांच्या घरात येतो. एका दुरुस्तीने अधिकाचे उणे झाले. विलीनीकरणाच्या बातमीत अ‍ॅक्रेटिव्ह हा शब्द दिसला की कोणत्या नफ्यावरून तो काढला हे विचारायलाच हवे.

याच आकड्यांवरून उलटेही शोधता येते: कोणत्या प्रमाणाला जुन्या भागधारकाचे काहीच बिघडले नसते? उत्तर येते 1.62 च्या जवळपास, म्हणजे 25 शेअरमागे 42 ऐवजी साधारण 40. दोन शेअरचा हा फरक मोठा नाही, पण ईपीएसचे चिन्ह त्यावर पालटते. अर्थात 42 चा आकडा 4 एप्रिल 2022 रोजीच जाहीर झाला होता. त्या वेळी 2022-23 चा नफा कोणाच्याच हाती नव्हता, आणि असे प्रमाण एका वर्षाच्या कमाईवरून ठरवतही नाहीत. बाजारभाव, मालमत्ता, उपकंपन्यांमधली गुंतवणूक हे सगळे त्यात धरले जाते. एचडीएफसीच्या शेअरच्या किमतीत तिच्या विमा आणि म्युच्युअल फंड कंपन्यांचेही मोल होते, आणि त्यांचा पूर्ण नफा तिच्या स्वतंत्र ताळेबंदात दिसत नव्हता. म्हणूनच 52 रुपयांचा आकडा तिची खरी कुवत कमी दाखवतो.

कागदावरचे गणित दुसऱ्या दिशेनेही चुकते. नोव्हेंबर 2014 मध्ये कोटक महिंद्र बँकेने आयएनजी वैश्य बँक घेण्याचे जाहीर केले. प्रमाण होते 1,000 शेअरमागे कोटकचे 725. आयएनजी वैश्यचा 2013-14 चा नफा सुमारे 658 कोटी आणि त्यासाठी द्यावे लागले सुमारे 13.9 कोटी नवे शेअर. प्रत्येक नवा शेअर 47 रुपये आणत होता, तर कोटक बँकेचा स्वतःचा स्वतंत्र ईपीएस होता 20 रुपयांच्या आत. कागदावर एवढा ठळक अ‍ॅक्रेटिव्ह सौदा क्वचित सापडेल.

प्रत्यक्षात 1 एप्रिल 2015 ला विलीनीकरण झाले आणि आयएनजी वैश्यच्या कर्जांपैकी काही बुडण्याच्या वाटेवर असल्याचे दिसले. त्यांच्यासाठी तरतूद करावी लागली, एकत्रीकरणाचा खर्च वेगळाच. कोटक बँकेचा स्वतंत्र नफा 1,866 कोटींवरून 2,090 कोटींवर गेला खरा, पण ईपीएस उतरला. मधल्या काळात 2015 मध्ये एकास एक बोनस शेअर दिले गेले असल्याने जुना आकडा निम्मा करून पाहावा लागतो: सुमारे 12 रुपयांवरून 11 रुपये 40 पैशांवर. गणिताने मागच्या वर्षीचा नफा मोजला होता आणि त्या नफ्याखालच्या कर्जांची तब्येत त्यात दिसणार नव्हती.

एचडीएफसी बँकेचा 2023-24 चा स्वतंत्र ईपीएस 85 रुपयांच्या वर गेला. नफा 38 टक्क्यांनी वाढला, ईपीएस 8 टक्क्यांच्या आसपास. त्यातही काही पहिल्या तिमाहीची कृपा आहे: नवे शेअर जुलैमध्ये आल्याने वर्षाच्या सरासरीत ते पूर्ण मोजले गेले नाहीत. त्याच वर्षी क्रेडिला या शैक्षणिक कर्ज देणाऱ्या कंपनीतील हिस्सा विकून बँकेला एकदाच मिळणारा मोठा नफा झाला, आणि त्याहून मोठी रक्कम तिने पुढच्या अडचणींसाठी तरतूद म्हणून बाजूला काढली. पूर्ण बारा महिने नवे शेअर मोजले गेलेले पहिले वर्ष 2024-25 होते, त्यामुळे 79 रुपयांशी प्रामाणिक तुलना तिथूनच सुरू होते. 2025 मध्ये या बँकेनेही एकास एक बोनस दिला. त्यामुळे त्यानंतरच्या तक्त्यांत जुना आकडा निम्मा झालेला दिसतो. तो तोटा नव्हे.