‘राडा’ची बातमी होताना

“गॅदरिंग एकदम कडक झालं. नववीच्या पोरांनी लेझीमला राडा केला, पब्लिक येडी झाली. मध्येच माइकची वाट लागली, पण सरांनी सीन सांभाळला.” समजा, शाळेच्या वार्षिक अंकासाठी एका विद्यार्थ्याने असा वृत्तांत दिला.

संपादन करताना ‘कडक’च्या जागी ‘अत्यंत उत्साहपूर्ण’ घालण्याचा मोह होतो. त्याने भाषा जड होते, माहिती मात्र वाढत नाही. त्यापेक्षा प्रत्येक बोली शब्दाला ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ असं विचारावं. ‘राडा’ म्हणजे मारामारी की दणक्यात झालेलं सादरीकरण, हे लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं. अंदाज चुकला तर बातमीच उलटते.

उत्तरं मिळाली की वृत्तांत असा होतो:

“स्नेहसंमेलनात नववीच्या विद्यार्थ्यांनी लेझीम सादर केले. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मध्येच ध्वनिक्षेपक बंद पडला, तेव्हा शिक्षकांनी ढोलावर ठेका धरला आणि खेळ सुरू राहिला.”

‘झालं’चं ‘झाले’ करणं हे शेवटचं काम. कुणाचे बोल अवतरणात असतील, तर ते मात्र बोलीतच ठेवावेत.