बांध किती सरकवायचा?

वारसांमध्ये शेत वाटायची वेळ येते तेव्हा कुणाला किती, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. भाऊ आणि बहीण असे दोनच वारस असतील आणि दोघांचा हक्क सारखा असेल, तर निम्मं-निम्मं. पेच पडतो तो त्यापुढे. नवा बांध नेमका कुठून जाणार? शेत आयताकृती असेल तर दोरी धरून मधोमध रेघ मारता येते. पण आपली शेतं ओढ्याच्या, जुन्या गाडीवाटेच्या, शेजाऱ्याच्या बांधाच्या कडेकडेने वाढलेली असतात. कुठली बाजू तिरकी, कुठला कोपरा बाहेर आलेला. अशा शेताचे एका सरळ रेषेने दोन समान भाग करायचे, तर ती रेषा एका दमात हाती लागत नाही. आधी अंदाजाने ओढायची, क्षेत्र मोजायचं आणि सरकवायची. किती सरकवायची याला मात्र एक फार सुंदर नियम आहे.

गावोगाव दोन सोपे उपाय सर्रास सांगितले जातात. समोरासमोरच्या बांधांचे मध्य जोडा, हा पहिला. आयत किंवा समांतरभुज चौकोन सोडला तर तो बहुतेक ठिकाणी फसतो. दुसरा थोडा शिकलेला: शेताच्या गुरुत्वमध्यातून जाणारी कुठलीही रेषा शेत निम्मं करते. हाही खरा नाही. त्रिकोणी शेताच्या गुरुत्वमध्यातून एका बाजूला समांतर रेषा ओढली तर भाग पडतात ४ आणि ५ या प्रमाणात. नऊ एकरांच्या शेतात एकाला चार आणि दुसऱ्याला पाच एकर.

मग बरोबर रेषा असते तरी का? असते, आणि हे समजून घेणं अवघड नाही. आधी दिशा ठरवा. समजा, रस्ता शेताच्या दक्षिणेला आहे आणि बांध रस्त्याला काटकोनात हवा आहे. ही रेषा शेताच्या पश्चिम टोकाला ठेवली तर तिच्या डावीकडे क्षेत्र शून्य. तिला पूर्वेकडे ढकलत नेलं की डावीकडचं क्षेत्र वाढत जातं. ते मध्येच कमी होत नाही आणि एकदम उडीही मारत नाही. पूर्व टोकाला पोचेपर्यंत ते शेताएवढं होतं. म्हणजे वाटेत एका, आणि एकाच, जागी ते बरोबर निम्मं असणार. हे प्रत्येक दिशेला लागू आहे. त्यामुळे शेत निम्मं करणाऱ्या रेषा अगणित आहेत. दिशा माणसांनी बोलून ठरवायची आणि जागा हिशेबाने शोधायची.

आता हिशेबासाठी एक शेत घेऊ. रस्त्याकडेची बाजू १२० मीटर. नैर्ऋत्येचा कोपरा शून्य धरून, आधी पूर्वेकडचं आणि मग उत्तरेकडचं अंतर मीटरमध्ये सांगितलं, तर पाच कोपरे असे: (०, ०), (१२०, ०), (१५०, ९०), (१००, १३०) आणि (२०, ८०). लागोपाठच्या दोन कोपऱ्यांचे आकडे तिरके गुणायचे, वजाबाकी करायची, सगळ्या वजाबाक्यांची बेरीज करून निम्मी करायची, की क्षेत्र मिळतं. इथे ते येतं १३,३५० चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत १ हेक्टर ३३.५ आर, म्हणजे सुमारे १३२ गुंठे. प्रत्येकाच्या वाट्याला ६,६७५ चौरस मीटर यायला हवेत.

रस्त्याच्या मधोमध, ६० मीटरवर काटकोनात पहिली रेषा ओढू. ती वरच्या बांधाला १०५ मीटरवर भेटते. डावीकडे क्षेत्र भरतं फक्त ४,५०० चौरस मीटर. तूट २,१७५. रेषा पूर्वेकडे सरकवायला हवी हे उघड आहे. पण किती?

रेषा थोडी सरकली की ती मागे एक पट्टी सोडते. पट्टीची लांबी शेतातून जाणाऱ्या रेषेएवढी आणि रुंदी सरकण्याएवढी. तूट या पट्टीने भरून काढायची आहे. म्हणून तुटीला रेषेच्या लांबीने भागायचं. २,१७५ भागिले १०५, म्हणजे २०.७१४ मीटर. नियम एवढाच आहे: जेवढं क्षेत्र कमी, त्याला बांधाच्या लांबीने भागा आणि तेवढा बांध सरकवा.

नवी रेषा ८०.७१४ मीटरवर आली. डावीकडे आता सुमारे ६,८०९ चौरस मीटर भरतात. तूट होती, आता १३४ चौरस मीटर जास्त झाले. कारण वरचा बांध तिरका आहे. पट्टी आयत धरली, पण तिच्या डोक्यावर एक त्रिकोण राहून गेला होता. हरकत नाही, तोच नियम पुन्हा. या जागी रेषेची लांबी ११७.९५ मीटर. १३४ ला तिने भागलं की १.१३७ मीटर येतात. तेवढं मागे, म्हणजे ७९.५७७ वर. पुन्हा क्षेत्र काढलं तर फरक अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी! तिसऱ्यांदा सरकवायचं म्हटलं तर साडेतीन मिलिमीटरही भरत नाहीत. बांध घालणाऱ्याच्या फावड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दोनच फेऱ्यांत इतकं जवळ कसं आलो, हे पाहण्यासारखं आहे. राहून गेलेला त्रिकोण सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पहिल्यांदा २०.७ मीटर सरकलो तेव्हा चूक १३४ होती. दुसऱ्यांदा सरकणं सुमारे अठरा पटींनी लहान, म्हणून चूक अठराच्या वर्गाने, सुमारे सव्वातीनशे पटींनी लहान. गणितात हीच रीत न्यूटन-रॅफसन पद्धत म्हणून शिकवली जाते. जोसेफ रॅफसनने ती १६९० साली छापली. इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी विद्यार्थी तिच्यासाठी अवकलनाचं सूत्र घोकतात. शेतात त्या अवकलनाला आकार आहे, तो म्हणजे बांधाची लांबी. क्षेत्र बदलण्याचा वेग म्हणजे त्या जागी रेषा किती लांब आहे ते. मला हे या विषयातलं सगळ्यात देखणं सत्य वाटतं, आणि शाळेतल्या मुलालाही ते शेतात उभं राहून दाखवता येईल.

सूत्राने एकदम उत्तर येत नाही का? येतं, पण त्यासाठी रेषा कोणत्या दोन बाजूंना छेदणार हे आधी ठाऊक हवं. मग वर्गसमीकरण सोडवायचं. पाच कोपऱ्यांच्या शेतात ते ठीक आहे. ओढ्याकाठच्या शेताला तीस-चाळीस वळणं असतात. तिथे आधी छेद शोधत बसण्यापेक्षा रेषा सरकवत जाणं सोपं, आणि संगणकाला तर फारच सोपं.

आता या रीतीची मर्यादा. वरच्याच शेतात पहिली रेषा चुकून पश्चिम टोकाशी, १ मीटरवर ओढली असं समजा. तिथे शेत निमुळतं आहे, रेषेची लांबी फक्त ४ मीटर. तूट ६,६७३. भागाकार आला १,६६८ मीटर. बांध दीड किलोमीटरहून दूर, दुसऱ्याच शिवारात! शेताला आत शिरलेला कोपरा असला, म्हणजे इंग्रजी ‘एल’सारखा आकार असला, तर आणखी एक गंमत होते. एका जागी रेषेची लांबी एकदम बदलते आणि तिच्या अलीकडची लांबी पलीकडे उपयोगी पडत नाही. रेषा मग पुढे-मागे हेलकावत राहू शकते. यावर उपाय जुना आणि भरवशाचा आहे. दोन जागा कायम लक्षात ठेवायच्या, एक जिथे क्षेत्र नक्की कमी पडलं ती आणि एक जिथे नक्की जास्त झालं ती. नियमाने काढलेली जागा या दोन्हींच्या बाहेर गेली तर ती सोडून द्यायची आणि दोन्हींचा मध्य घ्यायचा. नुसता मध्य घेत गेलं तरी उत्तर येतंच. आपल्या शेताची पूर्व-पश्चिम रुंदी १५० मीटर आहे. सेंटीमीटरपर्यंत पोचायला चौदा वेळा निम्मं करावं लागेल. हळू, पण कधीही न चुकणारी वाट.

आत शिरलेल्या कोपऱ्याचा दुसरा धोका आकड्यांत दिसतच नाही. रेषा शेतातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत आली तर एका वाट्याचे दोन सुटे तुकडे होतात. क्षेत्र बरोबर निम्मं, पण एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला भावाच्या शेतातून जावं लागणार. म्हणून उत्तर मिळाल्यावर रेषा शेताच्या हद्दीला दोनच ठिकाणी छेदते ना, हे मोजून पाहायचं.

आपल्या शेतात तुकडे पडले नाहीत, तरी भांडण संपलं असं नाही. काटकोनातल्या बांधामुळे भावाला रस्त्याकडेचे ७९.६ मीटर मिळाले आणि बहिणीला ४०.४. क्षेत्र सारखं, पण रस्त्याची बाजू जवळजवळ दुप्पट. जमिनीची किंमत रस्त्यावर ठरते, तेव्हा बहिणीने हे मान्य का करावं? अशा वेळी दिशा सोडून द्यायची आणि एक टोक पक्कं करायचं. रस्त्याचा मध्य, ६० मीटर, हे पक्कं टोक. दुसरं टोक वरच्या बांधावरून फिरवायचं.

आता पट्टी उरत नाही, त्रिकोण उरतो. दुसरं टोक उत्तरेच्या (१००, १३०) या कोपऱ्यावर नेलं तर डावीकडे ६,६०० चौरस मीटर येतात. तूट ७५. टोक पुढच्या बांधावर सरकवायचं आणि ७५ चौरस मीटरचा त्रिकोण मिळवायचा. पक्क्या टोकापासून त्या बांधाचं लंबांतर १२६.५ मीटर आहे. ७५ ची दुप्पट भागिले १२६.५, म्हणजे सुमारे १.१९ मीटर. बांध सरळ आहे, त्यामुळे इथे फेऱ्यांची गरजच नाही, एकाच पावलात बरोबर उत्तर. दोघांना ६०-६० मीटर रस्ता आणि ६,६७५ चौरस मीटर जमीन. किंमत मोजावी लागते ती वेगळी: बांध तिरका गेला, लांबी ११७ ऐवजी सुमारे १३६ मीटर झाली आणि दोघांच्याही नांगराच्या तासांना एका बाजूला तिरपं टोक आलं. माझ्या मते रस्त्याच्या शेतात हा सौदा परवडतो. विहिरीच्या शेतात पक्कं टोक विहिरीवर धरलं की हाच हिशेब पाण्याच्या वाटणीलाही उपयोगी पडतो. दोन वारसांसाठी जे केलं, तेच तीन वारसांसाठीही चालतं. फक्त एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अशी दोन लक्ष्यं ठेवायची.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ मध्ये धारणजमिनीच्या वाटपाची तरतूद आहे. वाटप झालं की पोटहिस्से पडतात आणि मोजणीदार जागेवर हद्द कायम करतो. कागदावरची रेषा जमिनीवर उतरवताना बांधाची लांबी पुन्हा कामाला येते, या वेळी चूक मोजायचं माप म्हणून. ११७ मीटरचा बांध एक वीत, म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर २७ चौरस मीटर जमीन हात बदलते. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा हा पाव गुंठ्याहून जास्त झाला. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर का चालतं, याचा हिशेब या एका गुणाकारात आहे. लांब बांधावर थोडी सरकही महाग पडते. म्हणून दोन हद्दी सारख्याच न्याय्य असतील तर आखूड बांध निवडावा.

खुणा रोवून झाल्यावर एक तपासणी राहते आणि ती कधीही टाळू नये. रोवलेल्या खुणांचेच आकडे नव्याने घ्यायचे आणि दोन्ही वाट्यांची क्षेत्रं स्वतंत्रपणे काढायची. एका वाट्याचं क्षेत्र काढून दुसरं वजाबाकीने लिहिलं तर चूक लपून राहते. स्वतंत्र काढलेल्या दोन क्षेत्रांची बेरीज १३,३५० आली नाही, तर एखादा कोपरा चुकीचा मोजला गेला आहे किंवा बांधाचं टोक हद्दीवर बसलेलं नाही. बेरीज बरोबर पण वाटे असमान निघाले, तर खूण सरकली आहे. आणि किती सरकली ते सांगायला तोच भागाकार पुरतो. फक्त इथे तूट घ्यायची ती ६,६७५ पासूनची, दोन वाट्यांमधला फरक नव्हे. तो फरक तुटीच्या दुप्पट असतो, आणि तो भागला तर बांध हवा त्याच्या दुप्पट सरकेल.