कोरा राहिलेला रकाना

"हल्ली लोक फॉर्म सोळा पाठवत नाहीत, फॉर्म सोळाचे फोटो पाठवतात," असं नारायण पेठेतल्या एक करसल्लागार बाई म्हणाल्या. फोटोवरून कर कसा काढतात ते बघायला जूनअखेरीस त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो.

समोर एक मुलगा होता, आयुष्यातलं पहिलं रिटर्न भरायला आलेला. २०२४-२५ मध्ये त्याने ऑगस्टपर्यंत एका कंपनीत काम केलं आणि सप्टेंबरपासून दुसरीत. त्यामुळे फॉर्म दोन, आणि दोन्हींचे फोटो ट्यूबलाइटखाली तिरके काढलेले. बसता बसताच त्याने विचारलं, "मॅडम, पंधरा हजार रिफंड येणार ना?"

बाईंनी उत्तर न देता पॅन वाचायला घेतला. एक अक्षर 'ओ' की शून्य ते कळत नव्हतं. पण पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे आणि शेवटी एक अक्षर असतं, त्यामुळे जागेवरूनच निकाल लागला. कंपनीच्या टॅनचा क्रम वेगळा: चार अक्षरं, पाच आकडे, एक अक्षर. पुसट रकमांनाही त्यांची अशीच युक्ती होती. आठ आहे की तीन, अशी शंका आली की खालच्या बेरजेतून बाकीचे रकाने वजा करायचे. बेरीज कापली गेली असेल तर मात्र त्या फोटो परत मागवतात. "अंदाजाने आकडा टाकायला हे काय शब्दकोडं आहे?"

भाग 'अ' लवकर आटपला. त्यात मुख्यतः तिमाहीवार पगार आणि कापलेला कर असतो. पहिल्या कंपनीने १५,००० कापले होते, दुसरीने २७,५६०. दोन्ही रकमा सव्वीस एएसशी ताडून झाल्या.

भाग 'ब'वर मात्र बाई रेंगाळल्या. वरच एक प्रश्न असतो: ११५ बीएसी (१ए) मधून बाहेर पडताय का? उत्तर होतं 'नाही', म्हणजे हा मुलगा नव्या करप्रणालीत. हा प्रश्न असा उलटा का विचारतात, हे मला अजून उमगलेलं नाही. पण पुढचं सगळं या एका शब्दावर ठरतं. घरभाडे भत्त्याची सूट शून्य, व्यवसायकराचा रकानाही शून्य. मुलगा म्हणाला, "पण दर महिन्याला दोनशे कापलेत की!" कापलेत खरे, पण नव्या प्रणालीत त्याची वजावट मिळत नाही.

मग त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्या कंपनीचा पगार ४,००,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ३,२५,०००, त्यावरचा कर १,२५०. तोही रिबेटमध्ये गेल्याने देय कर शून्य. मुलाच्या मनातला पंधरा हजारांचा रिफंड इथूनच आलेला. दुसऱ्या कंपनीचा पगार ८,४०,०००. इथेही वजावट ७५,०००, उरले ७,६५,०००, कर उपकरासह २७,५६०, म्हणजे कापला तेवढाच.

"पंचाहत्तर हजार किती वेळा दिसतात?" बाईंनी विचारलं.

"दोनदा."

"मिळतात एकदाच." मग त्यांनी पेन्सिल १(ई) या रकान्यावर टेकवली. इतर मालकांकडून मिळालेल्या पगाराची नोंद तिथे असते. दुसऱ्या फॉर्मवर तो रकाना कोरा होता. दुसऱ्या कंपनीच्या लेखी या मुलाने सप्टेंबरपूर्वी एक पैसाही कमावला नव्हता, म्हणून तिने तीन लाखांची करमुक्त मर्यादा, पाच टक्क्यांचा टप्पा आणि पंचाहत्तर हजार हे सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून दिलं.

त्या वर्षीच्या दरांनी हिशेब कागदाच्या पाठीवर झाला. एकूण पगार १२,४०,०००, पंचाहत्तर हजार एकदाच वजा, उरले ११,६५,०००. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, सात ते दहावर दहा टक्क्यांनी ३०,०००, उरलेल्या १,६५,००० वर पंधरा टक्क्यांनी २४,७५०. बेरीज ७४,७५०, चार टक्के उपकर धरून ७७,७४०. कापले गेलेले ४२,५६० वजा केल्यावर भरायचे राहिले ३५,१८०.

"पस्तीस हजार?" मुलगा. "पण दोन्ही फॉर्म बरोबर आहेत ना?"

बरोबरच होते, आणि मला राग आला तो त्याचाच. दोन्हींवर सही-शिक्का, दोन्हींतलं गणित चोख, आणि पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्याच्या माथी पस्तीस हजार. वर व्याज आहेच. बाकी दहा हजारांच्या वर असल्याने एप्रिलपासून महिन्याला एक टक्का, आणि आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं वेगळं.

बाई शांत होत्या. "रुजू होताना बारा-ब फॉर्म दिला होता का तुला? आधीच्या पगाराचा तपशील भरून नव्या कंपनीला द्यायचा असतो तो."

त्याने मोबाइलवर सप्टेंबरमधला मेल शोधला. जोडलेल्या सतरा फायलींमध्ये बारा-ब होता, न उघडलेला. पीएफचा फॉर्म, विम्याचा फॉर्म आणि ओळखपत्रासाठीचा फोटो मात्र त्याने त्याच दिवशी पाठवले होते.

"आता स्वयंनिर्धारण कराचं चलन काढू," म्हणत बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "आधी कर भरायचा, मग रिटर्न. आणि घरी गेल्यावर मला मूळ पीडीएफ पाठव, फोटो नको."