परतीच्या पार्सलची वाट

मुलचेऱ्यात मागवलेली माझी चप्पल एक नंबर लहान निघाली. परत केली, पैसे यायला 17 दिवस लागले. ते कुठे गेले, हे मी पार्सलच्या क्रमांकावरून शोधले.

येताना पार्सल भरल्या गाडीतून येते. जाताना एका चपलेसाठी गाडी निघत नाही. कुरिअरवाल्याने ती घरून नेली, तरी आणखी परतीचा माल जमेपर्यंत ती जवळच्या केंद्रात 6 दिवस पडून होती. पुढे नागपूरमार्गे विक्रेत्याच्या गोदामापर्यंत 7 दिवस. तपासणीला 2, बँकेला 2.

पैसे अडतात ते तपासणीसाठी. दारात आलेला मुलगा वस्तू वरवर पाहतो; तीच आहे का, वापरलेली नाही ना, हे गोदामात खोके उघडल्यावरच ठरते. आधी पैसे दिले आणि आत जुनी चप्पल निघाली, तर नुकसान विक्रेत्याच्या माथी.

म्हणून वस्तूचा फोटो आणि ती उचलल्याची नोंद जपावी. पार्सल वाटेत हरवले, तर ते आपण सोपवल्याचा तोच पुरावा. गोदामात पोहोचल्याची नोंद असूनही पैसे नसतील, तर कुरिअरला दोष देऊ नये. विचारणा विक्रेत्याकडे करावी.