सातव्या दशांश स्थळावरचा बदल

१ ते २० हे वीस आकडे मुळे म्हणून घेऊन एक बहुपदी बांधता येते: (x−1)(x−2)(x−3)…(x−20). x च्या जागी १ ठेवा, २ ठेवा, २० ठेवा, उत्तर शून्यच येणार. आता सगळे कंस गुणून टाकले की विसाव्या घाताची लांबलचक बहुपदी मिळते. तिची सुरुवात x^20 − 210x^19 अशी होते, कारण १ ते २० ची बेरीज २१० आहे. शेवटचे पद म्हणजे १ ते २० चा गुणाकार, एक एकोणीस अंकी संख्या.

या बहुपदीत एकच बदल करू. −210 च्या जागी −210.0000001192 लिहू. फरक सातव्या दशांश स्थळावर सुरू होतो. बाकीच्या एकाही सहगुणकाला हात लावायचा नाही. मुळे कुठे गेली असतील?

१ ते ७ ही मुळे जवळजवळ जागच्या जागी राहतात. ८ चे ८.००७ होते, ९ चे ८.९१७. वीस मात्र २०.८४७ वर जाऊन बसते. उरलेली दहा मुळे, म्हणजे १० ते १९, संख्यारेषेवरून नाहीशीच होतात. ती संमिश्र संख्या होतात आणि जोडीजोडीने रेषेच्या वरखाली जातात. १६ आणि १७ च्या जागी आता १६.७३१ ± २.८१३i अशी जोडी आहे. सहगुणकात सुमारे १७६ कोटींत एक भाग इतकाच बदल झाला आणि मुळे अडीच-पावणेतीन एककांनी सरकली.

ही बहुपदी जेम्स विल्किन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. ते इंग्लंडमधल्या टेडिंग्टन इथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करत. ॲलन ट्युरिंग यांच्या आराखड्यातून तिथे ‘पायलट एस’ हा संगणक उभा राहिला आणि १९५० मध्ये चालू झाला. मुळे शोधण्याच्या पद्धती तपासायला विल्किन्सन यांनी ही बहुपदी मुद्दाम सोपी म्हणून निवडली होती. सगळी मुळे वास्तव, सगळी वेगवेगळी, एकमेकांपासून बरोबर एकाच्या अंतरावर. तरीही उत्तरे भलतीच येऊ लागली. १९८४ साली त्यांनी या बहुपदीवर लेख लिहिला, तेव्हा आपल्या कारकिर्दीतला हा सर्वांत हादरवणारा अनुभव होता असे त्यांनी नमूद केले.

त्यांना धक्का बसण्याचे कारण असे की दोन मुळे एकाच जागी आली तर ती नाजूक होतात, हे आधीपासून ठाऊक होते. शाळेतले वर्गसमीकरण घ्या: x² − 2x + 1 = 0. दोन्ही मुळे १. शेवटचा १ काढून ०.९९९९ लिहा, मुळे ०.९९ आणि १.०१ होतात. दहा हजारात एक भाग बदलला आणि मुळे शंभरात एक भागाने हलली. पण विल्किन्सन यांच्या बहुपदीत एकही मूळ दुसऱ्यावर बसलेले नाही. मग हे घडते कशामुळे?

मूळ म्हणजे आलेख जिथे आडव्या अक्षाला छेदतो ती जागा. सहगुणक बदलला की आलेख थोडा वर किंवा खाली सरकतो. मूळ किती सरकेल हे दोन गोष्टींवर ठरते: त्या जागी आलेख किती वरखाली झाला आणि तिथे त्याचा चढ किती आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागले की मुळाच्या सरकण्याचा अंदाज मिळतो.

हा हिशेब ८ या मुळासाठी करून पाहू. आपण x^19 चा सहगुणक बदलला आहे. नेमका बदल २ च्या २३ व्या घाताने १ ला भागून येतो. x = ८ असताना x^19 म्हणजे २ चा ५७ वा घात. म्हणून तिथे आलेख २ च्या ३४ व्या घाताइतका, साधारण १,७१८ कोटींनी, खाली येतो. आकडा प्रचंड वाटतो, पण आठपाशी आलेखाचा चढही प्रचंड आहे: सुमारे २.४१ लाख कोटी. भागाकार येतो ०.००७१. प्रत्यक्षात मूळ ८.००७२७ वर जाते. अंदाज छान जुळला.

आता १६ कडे या. इथे x^19 म्हणजे २ चा ७६ वा घात, आणि आलेख २ च्या ५३ व्या घाताने खाली येतो, म्हणजे सुमारे ९,००० लाख कोटींनी. चढ मात्र जेमतेम ३१ लाख कोटी. भागाकार २८७! मूळ २८७ एककांनी सरकत नाही, हे उघड आहे. एवढ्या मोठ्या उत्तराचा अर्थ इतकाच की हा सरळ रेषेचा अंदाज इथे कोलमडला. काय झाले ते १६ आणि १७ च्या मध्ये पाहिले की कळते. तिथे मूळ आलेखाची एक टेकडी आहे, मध्यभागी, १६.५ पाशी, तिची उंची सुमारे १९ लाख कोटी. आपल्या बदलाने त्याच जागी आलेख सुमारे १६,००० लाख कोटींनी खाली ओढला गेला. उंचीच्या आठशेपट! सगळी टेकडी अक्षाच्या खाली बुडाली. आलेख अक्षाला शिवतच नाही, म्हणून १६ आणि १७ ही वास्तव मुळे उरलीच नाहीत.

मुळे एकमेकांपासून एकच्या अंतरावर असली, तरी त्यांच्यामधली उंची x^19 च्या अवाढव्य आकारापुढे क्षुल्लक आहे, हे खरे कारण. १९ लाख कोटींची टेकडी तयार होते ती त्याहून कितीतरी मोठी, उलटसुलट चिन्हांची पदे एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून टाकतात म्हणून. त्या खोडाखोडीत जे उरते त्यावर मूळ टिकलेले असते. सहगुणकातला बारीक फरक त्या उरलेल्या भागाहून मोठा झाला की संपले. १ पाशी हा धोका नाही, कारण १ चा कितीही घात केला तरी तो १ च राहतो.

म्हणून केवळ अंतर पाहून मुळे नाजूक आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. विल्किन्सन यांनीच दुसरी बहुपदी तपासली, जिची मुळे १/२, १/४, १/८ अशी निम्मी निम्मी होत जातात. शेवटची काही मुळे शून्याजवळ अगदी दाटीने बसलेली. तरीही तिच्या सहगुणकांत, त्यांच्या स्वतःच्या आकाराच्या मानाने, छोटे बदल केले तर मुळेही त्यांच्या आकाराच्या मानाने थोडीच हलतात. तिथे प्रत्येक मूळ आधीच्याच्या निम्मे आहे, आणि हे गुणोत्तर महत्त्वाचे. १६ आणि १७ चे गुणोत्तर जवळपास १ आहे.

याचा फटका बसतो तो मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये काढताना. पूल किंवा इमारत कोणत्या वारंवारतेला हलेल हे अशा मूल्यांवरून ठरते. पाठ्यपुस्तकात आपण मॅट्रिक्सपासून बहुपदी काढतो आणि तिची मुळे शोधतो. मोठ्या मॅट्रिक्ससाठी हा रस्ता घातक आहे. सममित मॅट्रिक्समधल्या नोंदी किंचित बदलल्या तर आयगेन मूल्येही किंचितच बदलतात. पण मध्ये बहुपदी आली आणि तिचे सहगुणक सोळा अंकांत गोल केले की ही स्थिरता हातची जाते. म्हणून १९६० नंतर मॅट्रिक्सवरच थेट काम करणारी क्यूआर पद्धत रूढ झाली. आज संगणक उलट करतो: बहुपदीची मुळे हवी असली तरी तो तिचे मॅट्रिक्स बनवून आयगेन मूल्ये काढतो. अर्थात सहगुणकांतच चूक असेल तर कोणतीही पद्धत ती दुरुस्त करू शकत नाही.

मिळालेले मूळ बहुपदीत ठेवून उत्तर शून्याजवळ आले, तरी त्यावर विसंबू नये. शून्याजवळ म्हणजे किती, हे त्या जागच्या चढावर अवलंबून असते. त्यापेक्षा सहगुणकांच्या शेवटच्या अंकात मुद्दाम थोडा बदल करून मुळे पुन्हा काढावीत. जे अंक दोन्ही वेळा सारखे आले, तेवढ्यांवरच भरवसा ठेवावा. पायथॉन येत असेल तर विल्किन्सनची बहुपदी या चार ओळींत करून पाहा:

```python
import numpy as np
c = np.poly(range(1, 21))
c[1] -= 2**-23
print(np.roots(c))
```

तिसरी ओळ काढून एकदा आणि ठेवून एकदा चालवा. ती ठेवली की छापलेल्या वीस मुळांपैकी दहांचा काल्पनिक भाग शून्य नसेल.