श्वास दुप्पट झाला म्हणजे हवा दुप्पट झाली का?

आज नववीच्या वर्गात मी घेतो तो एक प्रयोग सांगतो. लागतात दोनच गोष्टी: सेकंदकाट्याचं घड्याळ आणि शिंप्याकडे असते तशी टेप.

मुलांच्या जोड्या करायच्या. एकाने शांत बसायचं, दुसऱ्याने श्वास मोजायचे. गंमत अशी की आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की तो लगेच बदलतो. म्हणून मोजणाऱ्यांना बाजूला बोलावून मी सांगतो, "नाडी बघतोय असं दाखवा, मनगट धरा, पण लक्ष छातीवर ठेवा." मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते.

मग टेप. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक जिथे येतं, तिथून ती सैल न ठेवता गुंडाळायची. श्वास सोडल्यावर किती, घेतल्यावर किती, हा फरक लिहायचा.

एका मुलीचे आकडे बघू. बसलेली असताना मिनिटाला 18 श्वास, छातीचा फरक 1 सेंटिमीटर. मग 2 मिनिटं जागेवर धावली. आता मात्र पूर्ण मिनिट मोजून चालत नाही, कारण श्वास तेवढ्यात उतरायला लागतो. पहिल्या 30 सेकंदांत 17 भरले, म्हणजे मिनिटाला 34. आणि टेपवर फरक अडीच सेंटिमीटर.

मुलं म्हणतात, "सर, श्वास जवळजवळ दुप्पट झाला!" बरोबर, पण ती फक्त संख्या झाली. प्रत्येक श्वास खोलही झालाय. टेपवरून लिटर काढता येत नाहीत, पण आत जाणारी हवा दुपटीपेक्षा बरीच जास्त आहे, एवढं नक्की.

खोलीचा फायदा काय? मोठ्या माणसाच्या साध्या श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा असते. त्यातली 150 च्या आसपास नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. 15 श्वास घेतले तर 7.5 लिटरपैकी सव्वापाच लिटर कामी येतात. तेवढेच 7.5 लिटर 250 चे 30 उथळ श्वास करून घेतले, तर कामी येतात फक्त 3. म्हणून धावताना शरीर नुसतं भराभर धापा टाकत नाही, श्वास खोलही करतं.

दम्याचा त्रास असलेल्यांना मी धावायला लावत नाही, ते घड्याळ सांभाळतात.

आणि दरवर्षी एखादा असा निघतोच, ज्याची टेप धावल्यावरही फारशी हलत नाही. लगेच "चुकीचं मोजलंस" म्हणू नका. त्याच्या पोटावर हात ठेवून बघा. श्वासपटल खाली जाऊन पोट पुढे येत असेल, तर हवा तिकडून जागा करून घेतेय, आणि ते आपल्या टेपला दिसत नाही.