चंद्रपूर परिसरातील तापमानाची विपरीतता व सकाळचे धुरके

चंद्रपूर शहर इरई व झरपट या नद्यांच्या सखल खोऱ्यात वसले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचा क्रमांक चौथा होता. हिवाळ्यातील निरभ्र, निर्वात रात्री येथील जमीन उष्णता उत्सर्जित करून झपाट्याने थंड होते. तिच्यालगतची हवाही थंड व जड होऊन सखल भागात साचते. वर मात्र तुलनेने उबदार थर राहतो. यासच तापमानाची विपरीतता म्हणतात.

अशा वेळी वर जाणारा धूर लवकरच भोवतालच्या हवेइतका थंड होऊन थांबतो व आडवा पसरतो. धूर मिसळण्याच्या थराची जाडी दुपारी १००० मीटर व पहाटे १०० मीटर मानल्यास, तेवढ्याच धुराचे हवेतील प्रमाण पहाटे दसपट होईल.

पहाटे कोंडतो तो मुख्यतः कोळशाच्या शेगड्यांचा व वाहनांचा, म्हणजे जमिनीलगतचा धूर. औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्यांचा धूर बहुधा या थराच्या वर राहतो. तथापि सूर्योदयानंतर जमीन तापते, खालची हवा घुसळू लागते आणि हे अभिसरण त्या धुरापर्यंत पोहोचताच तो काही काळ जमिनीवर उतरतो. म्हणजेच पहाटेच्या व त्यानंतरच्या प्रदूषणाचे स्रोत भिन्न असू शकतात. २४ तासांच्या सरासरीत हा भेद लोपतो. तो ओळखण्यासाठी तासागणिक नोंदीच तपासाव्या लागतात.